पाचशे अंकांपुरती तेजी

निफ्टी वाढेल असं वाटलं म्हणून कॉल घेतला, निफ्टी खरोखरच वाढला, आणि तरीही महिनाअखेर खात्यातून पैसे गेले. ऑप्शनच्या बाजारात नव्याने उतरलेल्या माणसाला हा अनुभव बहुधा सुरुवातीच्या काही महिन्यांतच येतो. आपलं काय चुकलं, हे त्याला कळत नाही, कारण दिशा तर बरोबर होती. चूक दिशेची नसते, मोजलेल्या किमतीची असते. त्याला जेवढी वाढ अपेक्षित होती, त्याहून कितीतरी मोठ्या वाढीचा हक्क त्याने विकत घेतलेला असतो, आणि त्या जास्तीच्या हक्काचे पैसे बुडालेले असतात.

बाजाराबद्दलची बहुतेकांची मतं माफक असतात. ‘या महिन्यात दीड-दोन टक्के वर जाईल, त्याहून फार नाही,’ असं मत असणारी माणसं पुष्कळ भेटतात. ‘दहा टक्के उसळी येणार’ असं छातीठोकपणे सांगणारी फार थोडी. पण साधा कॉल विकत घेताना दोघंही एकच वस्तू घेतात. माफक तेजीवाल्यासाठी बाजारात वेगळी रचना आहे. तिला बुल कॉल स्प्रेड म्हणतात. ती कशी चालते, कुठे साध्या कॉलहून सरस ठरते आणि कुठे मागे पडते, हे एकाच उदाहरणात शेवटपर्यंत पाहू.

आधी कॉल म्हणजे काय, ते जमिनीच्या व्यवहारातून समजून घेऊ. समजा, गावाबाहेरचा एक प्लॉट आज पंचवीस लाखांचा आहे. मालकाला बेचाळीस हजार रुपये देऊन आपण लिहून घेतलं, की महिनाअखेरीस हा प्लॉट पंचवीस लाखांनाच घेण्याचा हक्क आपला. घ्यायचाच असं बंधन मात्र नाही. हे बेचाळीस हजार परत मिळणार नाहीत आणि किमतीतून वळतेही होणार नाहीत. नेहमीच्या विसारात आणि यात फरक आहे तो एवढाच. भाव चढला तर हक्क बजावायचा, पडला तर रक्कम सोडून द्यायची. हा झाला साधा कॉल.

आता आपल्याला मनातून वाटतंय, की भाव वाढून साडेपंचवीस लाखांपर्यंत जाईल, त्यापुढे नाही. मग दुसऱ्या एखाद्याला त्याच मुदतीत हाच प्लॉट साडेपंचवीस लाखांना घेण्याचा हक्क देऊन त्याच्याकडून वीस हजार घ्यायला काय हरकत आहे? आपल्या खिशातून निव्वळ गेले बावीस हजार. भाव साडेपंचवीसच्या वर गेला तर वरची सगळी वाढ त्या दुसऱ्या माणसाची. पण त्या वाढीवर आपला विश्वास नव्हताच. ज्या वाढीवर विश्वास नाही तिचा हक्क विकून टाकायचा आणि आलेल्या पैशांतून आपल्या हक्काचा खर्च हलका करायचा, एवढंच या रचनेचं सूत्र आहे.

आता हेच निफ्टीवर मांडू. निफ्टी २५,००० वर आहे आणि मासिक एक्सपायरीला, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या मंगळवाराला, अठ्ठावीस दिवस बाकी आहेत, असं धरू. बाजारात फारशी घबराट नाही. पुढच्या महिन्याभरात किती चढउतार होतील याचा अंदाज सांगणारा इंडिया व्हिक्स तेराच्या आसपास आहे. अशा वेळी २५,००० च्या कॉलचा प्रीमियम ४२० रुपयांच्या आणि २५,५०० च्या कॉलचा २०० रुपयांच्या जवळपास असेल. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत. एक लॉट ६५ युनिटांचा धरतो. एक्स्चेंज हा आकडा बदलत असतं. २०२५ मध्ये तो ७५ होता.

साधा कॉल घेतला तर खर्च ४२० गुणिले ६५, म्हणजे २७,३०० रुपये. स्प्रेड केला, म्हणजे २५,००० चा कॉल घेतला आणि त्याच एक्सपायरीचा २५,५०० चा कॉल विकला, तर निव्वळ २२० रुपयांच्या हिशेबाने १४,३०० रुपये. दोन्हींत जास्तीत जास्त बुडायचे ते एवढेच. स्प्रेडमध्ये मात्र नफ्यालाही कुंपण आहे. दोन स्ट्राइकमधलं अंतर ५००, त्यातून दिलेले २२० वजा केले की २८० उरतात. म्हणजे एका लॉटला १८,२०० रुपये. निफ्टी कितीही वर गेला तरी यापुढे एक रुपयाही नाही.

आता एक्सपायरीच्या संध्याकाळी काय होईल ते पाहू. निफ्टी २५,३०० वर बंद झाला, असं समजा. महिन्याभरात सव्वा टक्का वाढ. माफक तेजीवाल्याचं मत बऱ्यापैकी खरं ठरलं. साध्या कॉलचे ३०० रुपये मिळाले, पण दिले होते ४२०; एका लॉटला ७,८०० रुपये तोटा. स्प्रेडवाल्याला त्याच ३०० मधून २२० वजा जाऊन ८० उरले. ५,२०० रुपये नफा. बाजार एकच, मत एकच, आणि एक जण तोट्यात तर दुसरा नफ्यात. सुरुवातीला सांगितलेला तो बुचकळ्यात पडलेला माणूस इथे सापडतो. साध्या कॉलची बरोबरी २५,४२० ला होते, स्प्रेडची २५,२२० ला. मधले दोनशे अंक हे विकलेल्या कॉलच्या प्रीमियममधून आलेले आहेत.

निफ्टी २५,४५० ला थांबला, तर साध्या कॉलला १,९५० रुपये आणि स्प्रेडला १४,९५० रुपये मिळतात. याच पट्ट्यात स्प्रेडचं पारडं सर्वांत जड असतं. उलट निफ्टी २६,००० ला गेला, तर साधा कॉल ३७,७०० रुपये देतो आणि स्प्रेडवाला आपल्या १८,२०० वरच अडकतो. हे दोघं एकमेकांना गाठतात तो बिंदू २५,७००. एक्सपायरीला निफ्टी त्याच्या खाली असेल तर स्प्रेड बरा, वर असेल तर साधा कॉल बरा. म्हणून सौदा करण्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न ‘बाजार वाढेल का’ हा नाहीच. महिन्याभरात तो २५,७०० च्या पलीकडे जाईल असं मला खरंच वाटतं का, हा आहे. पावणेतीन टक्क्यांहून जास्त वाढीची ही बाब आहे. माझा अनुभव असा, की हा प्रश्न आकड्यानिशी विचारला की बहुतेकांचं उत्तर बदलतं.

इथे एक मोह होतो. साध्या कॉलला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात जवळजवळ दोन स्प्रेड बसतात. दोन लॉटचे २८,६०० रुपये, जास्तीत जास्त नफा ३६,४००. आणि मग साधा कॉल पुढे जायला निफ्टी २६,००० च्या जवळ जावा लागतो. हिशेब खरा आहे. पण त्यामुळे एक गोष्ट निसटते. निफ्टी २५,००० किंवा त्याखाली बंद झाला, तर साधा कॉल घेणाऱ्याइतकेच, किंबहुना थोडे जास्तच पैसे जातात. स्प्रेडने कमी केलेली जोखीम लॉट दुप्पट करून आपणच परत अंगावर घेतलेली असते. मला विचाराल तर निदान सुरुवातीला एका कॉलच्या जागी एकच स्प्रेड हाच बदल योग्य.

आतापर्यंतचं सगळं एक्सपायरीच्या दिवसाचं झालं. पण माणूस तोपर्यंत डोळे मिटून बसत नाही. रोज सकाळी तो मोबाइलवर सौदा उघडून पाहतो, आणि स्प्रेडबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच होतो.

समजा, सौदा केल्यावर दहाच दिवसांत निफ्टी २५,५०० ला पोचला. आपलं लक्ष्य गाठलं. साहजिकच वाटतं, की २८० रुपयांचा पूर्ण नफा दिसायला हवा. पडद्यावर मात्र दिसतात साधारण ११५. कारण अजून अठरा दिवस बाकी आहेत. आपण घेतलेला २५,००० चा कॉल आता ६६० च्या आसपास गेलाय, पण विकलेला २५,५०० चा कॉलही २०० वरून ३२५ च्या घरात चढलाय. त्याच्यात अजून अठरा दिवसांची आशा भरलेली आहे आणि ती आशा आपल्या विरुद्ध बाजूला आहे. जोडीची किंमत झाली ३३५. त्यातून आपले २२० गेले की ११५. एका लॉटला साडेसात हजारांच्या आत. त्याच वेळी साधा कॉल घेणारा लॉटमागे १५,६०० च्या नफ्यात बसलेला असतो.

म्हणजे वाढ जर झटकन आली, तर साधा कॉल पुढे असतो. स्प्रेडचा पूर्ण नफा हळूहळू, विकलेल्या कॉलमधला वेळ झिरपून गेल्यावरच हाती येतो. ज्याला ‘चार दिवसांत उसळी येईल आणि मी बाहेर पडेन’ असं वाटतं, त्याच्यासाठी ही रचना नाही. संथ चढणाऱ्या बाजारासाठी ती आहे, आणि ती धरून ठेवण्याची तयारी हवी. सौदा झाल्या झाल्या निफ्टी शंभर अंक चढला, तर आपला साधा कॉल पन्नास-पंचावन्न रुपयांनी वाढतो आणि स्प्रेड फक्त वीस-बावीस रुपयांनी. हा फरक आधीच माहीत नसेल तर माणूस कंटाळून चुकीच्या वेळी जोडी मोडतो.

याच संथपणाची दुसरी बाजू मात्र स्प्रेडच्या फायद्याची आहे. बाजार जागच्या जागी राहिला, तर आपल्या उदाहरणातला साधा कॉल सुरुवातीलाच रोज आठ-नऊ रुपये गमावतो, आणि एक्सपायरी जवळ येईल तसा हा वेग वाढत जातो. स्प्रेडमध्ये घेतलेला कॉल झिजतो तसाच विकलेलाही झिजतो. निव्वळ झीज दिवसाला दीड-दोन रुपये. आठवडाभर निफ्टी नुसता रेंगाळला तर साधा कॉल साठेक रुपयांनी उतरलेला दिसेल, स्प्रेड दहाएक रुपयांनी.

घबराटीचंही तेच. प्रीमियममध्ये येऊ घातलेल्या चढउताराची किंमत भरलेली असते. ती किती अचानक उडून जाते, हे २०२४ च्या लोकसभा निकालात सगळ्यांनी पाहिलं. ३ जूनला निफ्टी २३,२६३ वर बंद झाला होता. ४ जूनला निकालाच्या दिवशी तो जवळजवळ सहा टक्के कोसळून २१,८८४ वर आला, आणि त्या दिवशी इंडिया व्हिक्स २६ च्या वर बंद झाला. दुसऱ्याच दिवशी निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त सावरला आणि व्हिक्स १९ च्या आसपास उतरला. एका दिवसात सातेक अंक. तीन टक्क्यांच्या उसळीत कॉलवाल्याला ही घट कदाचित जाणवलीही नसेल. पण व्हिक्स उतरला आणि बाजार मात्र हलला नाही, तर काय होतं? आपल्या अठ्ठावीस दिवसांच्या उदाहरणात प्रीमियममधला चढउताराचा अंदाज तीन अंकांनी उतरला, तर २५,००० चा कॉल ऐंशीएक रुपयांनी स्वस्त होईल. स्प्रेडवर परिणाम पाच-सहा रुपयांचा, कारण दोन्ही कॉल जवळजवळ सारखेच उतरतात. म्हणून अर्थसंकल्प, निवडणूक निकाल, रिझर्व्ह बँकेचं धोरण अशा तारखांच्या तोंडावर प्रीमियम फुगलेले असताना मी साधा कॉल घेणं टाळतो. उलट व्हिक्स दहा-बाराच्या आसपास पडून असेल आणि काहीतरी मोठं घडेल असं सबळ कारणानिशी वाटत असेल, तर साधा कॉलच घ्यावा. तेव्हा वरची बाजू विकून मिळणारे पैसेही तुटपुंजे असतात, आणि ती विकण्यात शहाणपण नसतं.

आता एक व्यवहारातली गोष्ट, जी पुस्तकी उदाहरणांतून सहसा सुटते. स्प्रेडला १४,३०० रुपये ‘लागतात’ हे जोखमीच्या हिशेबाने खरं, पण ब्रोकरच्या खात्यात तेवढे ठेवून सौदा होत नाही. साधा कॉल घेताना प्रीमियम भरला की काम संपतं. स्प्रेडमध्ये एक कॉल विकलेला असतो, आणि विकलेल्या ऑप्शनवर मार्जिन द्यावं लागतं. आपल्याकडे घेतलेला कॉल आहे म्हणून त्या मार्जिनचा मोठा भाग माफ होतो. पण निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर सौद्याच्या पूर्ण मूल्याच्या दोन टक्के एक्स्पोजर मार्जिन उरतंच. २५,५०० गुणिले ६५, म्हणजे साडेसोळा लाखांचा सौदा. त्याचे दोन टक्के म्हणजे ढोबळमानाने तेहतीस हजार. प्रीमियमचे १४,३०० धरले तर जवळजवळ सत्तेचाळीस हजार रुपये अडकतात. बुडू शकतात ते १४,३००च, बाकीचे सौदा संपल्यावर मोकळे होतात. पण ‘स्प्रेड स्वस्त’ म्हणून पंचवीस हजार घेऊन आलेल्या माणसाची ऑर्डर नाकारली जाते, तेव्हा त्याला यातलं काहीच माहीत नसतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून सेबीच्या नियमानुसार एक्सपायरीच्या दिवशी निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर आणखी दोन टक्के मार्जिन लागतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं, तर आणखी तेहतीस हजारांची सोय हवी.

ऑर्डरचा क्रमही यातूनच ठरतो. आधी २५,००० चा कॉल घ्यायचा, मग २५,५०० चा विकायचा. उलट केलं तर मधल्या क्षणांत आपण नुसता कॉल विकलेला असतो आणि त्याचं मार्जिन लाखाच्या वर जातं. बाहेर पडताना याच्या बरोबर उलट: आधी विकलेला कॉल परत घ्यायचा, मग आपला विकायचा. यातली एक चूक खरोखर महागात पडते. बाजार पडला, घेतलेला कॉल तोट्यात गेला, म्हणून माणूस घाईने तेवढाच विकून टाकतो, आणि ‘नफ्यात आहे’ म्हणून विकलेला कॉल तसाच ठेवतो. त्या क्षणापासून त्याच्या तोट्याला वर मर्यादाच राहत नाही. संपूर्ण जोडी ही एकच वस्तू आहे, असं मानूनच तिच्यात शिरावं आणि तिच्यातून निघावं.

जोडीत शिरायला दोन आणि निघायला दोन अशा चार ऑर्डर होतात, हेही विसरू नये. दर वेळी दलाली आहेच, पण खरी गळती असते ती घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातल्या फटीत. निफ्टीच्या जवळच्या महिन्यातल्या गोल स्ट्राइकना ही फट लहान असते. शेअर्सच्या ऑप्शनमध्ये, त्यातही चालू भावापासून लांबच्या स्ट्राइकना, ती रुपया-दोन रुपयांची असू शकते. वीस रुपयांचा जास्तीत जास्त नफा असलेल्या स्प्रेडमध्ये चार वेळा ती फट ओलांडली, तर उरलं काय? भाव किती जुळतात हे पाहायचं असेल, तर दोन्ही कॉलचे घेण्या-विकण्याचे भाव समोर ठेवून, आत्ता लगेच बाहेर पडलो तर किती जातील, एवढं मोजावं. उत्तर जास्तीत जास्त नफ्याच्या दहाव्या हिश्शाहून मोठं आलं, तर मी तो सौदा सोडून देतो.

शेअर्सच्या बाबतीत याहून मोठा धोका एक्सपायरीचा आहे. निफ्टीचा हिशेब रोखीत होतो. शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र प्रत्यक्ष शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात. एक्सपायरीला भाव दोन्ही स्ट्राइकच्या वर गेला, तर घ्यायचे आणि द्यायचे शेअर आपसात वळते होतात. पण भाव दोहोंच्या मध्ये थांबला, तर विकलेला कॉल निकामी होतो आणि घेतलेल्या कॉलपोटी अख्खा लॉट पूर्ण पैसे भरून उचलावा लागतो. काही हजारांच्या जोखमीचा सौदा करणाऱ्यावर अचानक कित्येक लाख उभे करायची वेळ येते. त्यामुळे शेअरवरचा स्प्रेड एक्सपायरीच्या आठवड्यात शिरण्याआधीच मोडावा.

निफ्टीच्या स्प्रेडमध्ये ही सक्ती नाही, तरी शेवटच्या आठवड्यातला प्रश्न तिथेही उरतोच. समजा, एक्सपायरीला पाच दिवस असताना निफ्टी २५,८०० वर आहे. जोडीची किंमत आता ४६० च्या आसपास असेल. आपण दिलेले २२० वजा जाता २४० खिशात येऊ शकतात. पाच दिवस थांबून आणखी मिळणार ते जास्तीत जास्त ४० रुपये, म्हणजे लॉटला २,६००. त्यासाठी पणाला लागतात ४६०, म्हणजे २९,९०० रुपये, शिवाय शेवटच्या दिवशीचं जादा मार्जिन. निफ्टी पाच दिवसांत दीड टक्का घसरून २५,४०० ला आला, तर ४६० चे ४०० होतील. आणखी घसरला तर प्रत्येक अंकामागे एक रुपया जाईल. अशा वेळी मी विकलेला २५,५०० चा कॉल आधी परत घेतो, मग २५,००० चा विकतो, आणि ते चाळीस रुपये बाजारात सोडून देतो.